तेलाच्या डागाखालचा क्यूआर कोड

आमच्या गटाच्या पापडाच्या पाकिटावरच्या क्यूआर कोडमध्ये आमच्या वेबसाइटचा पत्ता आहे. पत्त्यातल्या एकेका अक्षरासाठी आठ-आठ काळे-पांढरे ठिपके असतात.

कोडवर तेलाचा डाग पडला तरी फोन तो वाचतो. कसा? पत्त्यावरूनच गणिताने काढलेले जादा ठिपकेही सोबत छापलेले असतात. त्यांवरून फोन पुसलेली अक्षरं परत काढतो. कोड बनवतानाच ही सोय किती हवी ते ठरवता येतं. एल पातळी सुमारे ७ टक्के खराबी सोसते, एच सुमारे ३०. आम्ही एच घेतो. ठिपके वाढतात, म्हणून कोड जरा मोठा छापतो.

पण तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन या हिशेबात येत नाहीत. त्यांवरूनच फोनला कोड सापडतो. किमतीचं लेबल त्यांवर चिकटवू नका.