सकाळी १६६, रात्री १६४: मणक्यातल्या गाद्या दिवसभर काय करतात?

हेडफोन लावलेत का? आज सुरुवात एका फोन कॉलपासून करतो.

माझा एक मावसभाऊ आहे, एकवीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करतोय. एका रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, आवाज पार पडलेला. "दादा, संपलं सगळं. मी १६४.४ भरतोय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते, मुलींना १५५. मैदानावर पट्टीखाली उभं करतात, आणि कमी भरलात तर धावायची वेळच येत नाही. कॉलेजच्या कार्डावर त्याची उंची १६६ लिहिलेली. मग दीड सेंटिमीटर गेलं कुठे?

मी विचारलं, "मोजलीस कधी?" म्हणाला, "आत्ता. दिवसभर दुकानात उभा होतो, घरी येऊन जेवलो आणि मोजली." म्हटलं, उद्या अंथरुणातून उठल्या उठल्या परत मोज. सकाळी मेसेज आला: १६६.१.

टेप खराब नव्हता. दोन्ही आकडे बरोबर होते.

ही गोष्ट लोकांना फार आधीपासून माहीत आहे. १७२४ मध्ये वॅस नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याने माणसांची सकाळची आणि रात्रीची उंची मोजून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पत्र छापलं होतं. त्याला फरक जवळजवळ एक इंच दिसला. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या रायली, टायरेल आणि ट्रूप या संशोधकांनी तो काटेकोरपणे मोजला. सरासरी १९ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या साधारण १ टक्का. आणि त्यांच्या मोजणीतला मला सगळ्यात आवडलेला भाग असा, की दिवसभरात जेवढी उंची कमी होते त्यातली निम्म्याहून जास्त उठल्यानंतरच्या पहिल्या एका तासात जाते! उरलेली मग संध्याकाळपर्यंत हळूहळू.

ही उंची जाते कुठून? आपल्याकडे "मणक्यातली गादी सरकली" असं म्हणतात ना, त्याच गाद्यांमधून. डॉक्टर त्यांना डिस्क म्हणतात. मानेपासून कमरेपर्यंत अशा २३ गाद्या आहेत, प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक. पाठीच्या कण्याच्या एकूण लांबीचा चौथा-पाचवा हिस्सा हाडाचा नाही, या गाद्यांचा असतो. १९ मिलिमीटर २३ गाद्यांमध्ये वाटले, तर एका गादीच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. कमरेच्या जाड गाद्या थोड्या जास्त दबतात, मानेच्या कमी.

गादीची रचना सोपी आहे. बाहेर चिवट तंतूंचं कडं, कांद्यासारखं थरावर थर. आत मऊ गर. या गरात प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू असतात आणि त्यांना पाण्याची भयंकर ओढ असते. फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडा दाणा किती बारीक, आणि पाण्यात टाकला की भोवती जेली धरून टम्म फुगतो. गादीचा गर तसाच सतत पाणी ओढू बघतो. फक्त त्याच्यावर वरून आपलं वजन बसलेलं असतं.

म्हणजे दोन ताकदींची रस्सीखेच आहे. गर पाणी आत ओढतो, वजन ते बाहेर पिळतं. कोण जिंकणार हे तुम्ही आडवे आहात की उभे, यावर ठरतं.

हा दाब प्रत्यक्ष मोजलाय. जर्मनीत विल्के आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत बारीक सेन्सर घातला आणि त्याला रोजची कामं करायला लावली. (हो, जिवंत माणसाच्या. मी नसतो तयार झालो.) आडवं पडल्यावर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. नुसतं उभं राहिल्यावर ५ किलो. आणि पाठ गोल करून, वाकून २० किलो उचलल्यावर तब्बल २३ किलोच्या आसपास.

आता रात्रीचं बघा. आडवे पडलात की वजन उतरलं, रस्सीखेच गर जिंकतो. आजूबाजूच्या हाडातून आणि कड्यातून पाणी आत झिरपतं. त्याच स्वयंसेवकाच्या गादीतला दाब झोपेच्या सात तासांत १ वरून २.४ किलोपर्यंत चढला. तो फक्त पडून होता, दुसरं काहीच करत नव्हता. उंचीचंही तसंच, परत मिळणारी बरीचशी उंची झोपेच्या पहिल्या अर्ध्यातच मिळते.

मग पहिल्या तासातच एवढं पाणी का जातं? कारण उठताना गादी भरलेली असते, गर पातळ झालेला असतो आणि अचानक दाब वाढतो. सुरुवातीला पाणी भराभर निघतं. पण जसजसं ते कमी होतं, तसतसा उरलेला गर दाट होतो आणि त्याची ओढ वाढते, शिवाय पाणी निघायच्या वाटा अरुंद होतात. शेवटी ओढ आणि वजन जवळजवळ बरोबरीत येतात. फोनचं चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंत सुसाट आणि पुढे रडतखडत चालतं, तसाच काहीसा हा आलेख आहे.

परत भावाकडे येऊ. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे त्याला एका रविवारी मोजत बसवलं. भिंतीला पाठ, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात. प्रत्येक वेळी तीनदा मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा, कारण हनुवटी जरा वर गेली तरी काही मिलिमीटरची गडबड होते. उठल्या उठल्या १६६.१. एका तासाने १६५.२. संध्याकाळी सहाला १६४.५. रात्री १६४.४. पहिल्या तासात ९ मिलिमीटर, आणि पुढच्या अख्ख्या दिवसात ८!

त्याने शंका काढली, "पण दादा, पाय नाही ना कमी होत?" प्रश्न बरोबर आहे, कारण टाचेखालचं मांसही उभं राहिल्यावर थोडं दबतं. त्यासाठी स्टुलावर बसवून स्टुलापासून डोक्यापर्यंत मोजलं. सकाळी ८७.२, रात्री ८५.६. १७ मिलिमीटरच्या फरकातले १६ बसलेल्या मापातच सापडले. म्हणजे उंची कण्यातूनच जात होती.

आता खरी पंचाईत कळली? भरतीच्या दिवशी पोरं पहाटे तीनला उठतात, बॅग पाठीवर टाकून बस पकडतात, मग रांगेत तासन्‌तास उभी. पट्टीखाली जाईपर्यंत पहिला तास कधीच संपलेला असतो, आणि पाठीवरच्या ओझ्याने गाद्या आणखी लवकर दबतात. याच्यासारख्या काठावरच्या मुलाचं तिथेच जातं.

यावर लटकण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, "दहा दिवसांत तीन इंच" छाप. बारला लटकल्यावर वजन उतरतं, गादी थोडी फुगते, थोडी उंची येतेही. पण खाली उतरून चालायला लागलात की ती परत जाते, कारण हाड वाढलेलं नसतं. गादीतलं पाणी उधारीवर आलेलं असतं.

पण उधारी योग्य वेळी घेता येते. घरी त्याने दुपारी वीस मिनिटं पाठीवर पडून, पिंढऱ्या खुर्चीवर ठेवून बघितलं. गुडघे वर असले की कमरेवरचा ताण आणखी कमी होतो. उठून लगेच मोजलं तर ४ मिलिमीटर परत! भरतीच्या दिवशी हेच केलं. आदल्या रात्री मैदानाजवळच्या नातेवाइकांकडे झोपला, रांगेत बॅग पाठीवर न घेता जमिनीवर ठेवली, आणि नंबर यायच्या आधी अर्धा तास त्याच बॅगेवर पाय टाकून आडवा पडला. आजूबाजूची पोरं हसत होती म्हणे. उंची १६५ भरली. यात फसवणूक काही नाही, सकाळची उंचीही त्याचीच आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याला बंद करायला लावली. तो उठल्या उठल्या, तोंडही न धुता, पायाचे अंगठे पकडायचे स्ट्रेच करायचा आणि वर म्हणायचा, "सकाळी कंबर लाकडासारखी असते, म्हणून तर करतो." ती लाकडासारखी का असते? गादी पाण्याने टच्च भरलेली असते म्हणून. नुकती हवा भरलेली ट्यूब वाकवून बघा, आणि संध्याकाळची थोडी मऊ पडलेली. ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की सकाळी पुढे वाकताना गादीवर येणारा ताण दिवसातल्या नंतरच्या वेळेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. तो ताण येतो मागच्या बाजूच्या कड्यावर, आणि गादी बाहेर येते तेव्हा बहुतेक तिथूनच येते.

१९९८ मध्ये अमेरिकेत स्नूक यांनी याचा उलट उपयोग करून पाहिला. वारंवार कंबर दुखणाऱ्या लोकांना त्यांनी सकाळी सकाळी पुढे वाकणं टाळायला शिकवलं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

धडधाकट माणसाने पहाटे वाकलं म्हणून गादी फाटते असं अजिबात नाही. पण कंबर आधीच कुरकुरत असेल, तर पाण्याची बादली, केर काढणं, जिममधली डेडलिफ्ट हे सगळं उठल्यावर तासभर पुढे ढकला. त्या तासात नुसतं चाला, उभ्याने चहा प्या. तेवढ्यात जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं. आणि पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कमरेतून पायात उतरणारी कळ असेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा, पॉडकास्ट नाही.

वय वाढतं तसं गरातले ते प्रोटिओग्लायकन कमी होत जातात, त्यामुळे रात्रीचं फुगणंही कमी होतं. माझ्या आईचा सकाळ-रात्रीचा फरक मोजला तर जेमतेम ९ मिलिमीटर. भावाचे १७. मग आईने टेप हातात घेतला आणि माझीही उंची मोजली. रात्रीची. लग्नाच्या बायोडेटावर मी सकाळची लिहिली आहे, एवढंच सांगतो.

भेटू पुढच्या भागात.