एका पोराला हाकललं आणि सतरा जण बाहेर राहिले

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की गेम सर्व्हरवर त्रास देणाऱ्याचा आयपी ब्लॉक केला की काम झालं ना? तर आज माझ्याच सर्व्हरची गोष्ट सांगतो. त्यात चूक माझीच होती, त्यामुळे मोकळेपणानं सांगता येईल.

मी मूळचा ताडकळसचा, पूर्णा तालुका, जिल्हा परभणी. नोकरीसाठी बाहेर आहे, पण गावाकडच्या पोरांसाठी एक माइनक्राफ्ट सर्व्हर चालवतो. जावा एडिशन, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेलं छोटं मशीन. खेळणारे एकेचाळीस जण. ताडकळस, पूर्णा, परभणी, नांदेड, थोडे पुण्यात शिकायला गेलेले. घरी ब्रॉडबँड असलेले कमीच. बहुतेकांचा लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो.

सगळ्यांकडे विकतचं अकाउंट नाही, म्हणून मी `online-mode=false` ठेवलं होतं. म्हणजे नाव टाका आणि आत या, खरं-खोटं कोणी तपासत नाही. ही पहिली गोची. एक पोरगा आला, दुसऱ्यांची घरं जाळली, पेट्या रिकाम्या केल्या. मी नावावर बॅन टाकला. पाच मिनिटांत नवीन नाव घेऊन हजर. मग मी `/ban-ip` वापरलं. त्यानं फोन एअरप्लेन मोडवर टाकला, काढला, नवा आयपी मिळाला, पुन्हा आत! लॉगमध्ये बघितलं तर पत्त्याचे पहिले तीन आकडे तेच, फक्त शेवटचा बदलतोय. समजा 203.0.113.27, नंतर 203.0.113.91. (खरा पत्ता सांगत नाही, हा उदाहरणासाठी राखून ठेवलेला पत्ता आहे.) मला वाटलं, सापडला. अख्खी रांगच बंद करू.

```
ufw insert 1 deny from 203.0.113.0/24 to any port 25565 proto tcp
```

`/24` म्हणजे पहिले तीन आकडे ठरलेले आणि शेवटचा 0 ते 255 काहीही. एकूण 256 पत्ते. त्या रात्री तो परत आला नाही. बाकीचे मस्त खेळत होते. मी खुश.

दुसऱ्या दिवशी शनिवार. एरवी संध्याकाळी वीसेक जण असतात, त्या दिवशी नऊ. मला वाटलं लग्नसराई असेल. रविवारी पण तेच. कोणाची तक्रार नाही, काही नाही. शेवटी मामेभावाचा फोन आला, "दादा, सर्व्हर बंद केलास का रे?"

आता इथं दोन गोष्टी लक्षात घ्या. गेममधल्या बॅननं माणसाला बाहेर काढलं तर त्याच्या स्क्रीनवर तसं स्पष्ट लिहून येतं. फायरवॉल मात्र गप्प बसते. `deny` म्हणजे आलेलं पाकीट उत्तर न देता टाकून देणं. पोरांना फक्त `Connection timed out` दिसत होतं. त्यांनी धरून चाललं की सर्व्हर बंद आहे, आणि बंद सर्व्हरची तक्रार कोण करतं? दुसरं म्हणजे, पहिल्या रात्री सगळं ठीक का वाटलं? कारण आधीच जोडलेली कनेक्शन ही फायरवॉल तोडत नाही. जे आत होते ते खेळत राहिले. एकदा बाहेर पडले की मात्र परत येता येईना.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्या रांगेतून महिनाभरात कोण कोण आलं होतं ते लॉगमधून काढलं.

```
zgrep -hoE '[A-Za-z0-9_]+\[/203\.0\.113\.' logs/* | sort | uniq -c
```

यादी आली. त्या पोराची चार-पाच नावं सोडली तर आमची नेहमीची सतरा पोरं त्यात होती. एकाला हाकलायला सतरा जणांना दार लावलं होतं मी. त्यात तिघं पुण्यातले! ताडकळसमधला फोन आणि पुण्यातला फोन एकाच रांगेत कसे?

आयपीचा जुना प्रकार, ज्याला आयपीव्ही४ म्हणतात, त्यात एकूण पत्ते साधारण 430 कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा मोकळा साठा एप्रिल 2011 मध्येच आटला. मोबाईल कंपन्यांकडे ग्राहक जास्त, पत्ते कमी. म्हणून त्या आपल्या फोनला एक खाजगी पत्ता देतात आणि बाहेर जाताना बऱ्याच जणांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता लावतात. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. मोठ्या वाड्याला एकच टपालपेटी असावी तसं. कोणतं पाकीट कोणाचं, हे पोर्ट नंबरवरून ठरतं. एका पत्त्यावर वापरण्याजोगे पोर्ट साधारण 64 हजार. समजा कंपनीनं प्रत्येकाला हजार पोर्ट दिले, तर एका पत्त्यामागे 64 लोक झाले. 256 पत्त्यांमागे सोळा हजारांहून जास्त. आणि हा बाहेर जाण्याचा दरवाजा गावात नसतो, तो कंपनीच्या मोठ्या केंद्रात असतो. त्यामुळे रांग बंद केली म्हणजे गाव बंद झालं असं नाही. कोण बंद झालं ते आपल्याला कळतच नाही.

तुमचं बघायचं असेल तर वायफाय बंद करा, फोनच्या सेटिंगमधला आयपी बघा आणि मग एखाद्या 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा बघा. सेटिंगमधला 100.64 ते 100.127 या टप्प्यात असेल तर तुम्ही वाड्यातच आहात. हा टप्पा 2012 पासून याच कामासाठी राखीव आहे.

अशी चूक मोठ्यांकडून पण झाली आहे. 2007 च्या सुरुवातीला विकिपीडियावर कोणीतरी वारंवार खोडसाळपणा करत होतं, म्हणून एक आयपी ब्लॉक केला गेला. तो निघाला जवळपास अख्ख्या कतार देशाचा! तिथलं बहुतेक ट्रॅफिक त्या एकाच पत्त्यातून जायचं. आमचे सतरा म्हणजे काहीच नाही.

एका मित्रानं सुचवलं, फक्त भारत चालू ठेव, बाकी देश बंद कर. केलं ते पण, आठवडाभर. आयपीवरून देश सांगणाऱ्या याद्या मिळतात, त्या फायरवॉलला द्यायच्या. 25565 पोर्ट चाचपत फिरणारे बाहेरचे बॉट खरंच कमी झाले. पण दुबईत कामाला गेलेला आमचा एक जण अडकला. पुण्यातला एक जण ऑफिसच्या व्हीपीएनवरून यायचा, तो यादीत सिंगापूरचा दिसत होता. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो तर भारतातच! तर बॉटची कटकट असेल तर देशाची गाळणी वापरा. माणूस अडवायला तिचा उपयोग नाही.

आता काय केलंय ते सांगतो. रांगेचा नियम काढला. `/whitelist on` केलं आणि नावं एकेक करून घातली. पण `online-mode=false` असताना नुसत्या व्हाइटलिस्टनं भागत नाही, कारण दुसऱ्याचं नाव टाकून कोणीही येऊ शकतं. म्हणून पासवर्ड मागणारा ऑथमी प्लगइन बसवला. नवीन पोरगा यायचा असेल तर आतल्या कोणीतरी त्याची ओळख द्यायची, आणि त्यानं गोंधळ घातला तर ओळख देणाऱ्याला आम्ही विचारतो. पोरांना हे जरा कडक वाटलं, मला अजिबात नाही.

रांग बंद करायची वेळ अजूनही येते, एखाद्या रात्री कोणी सर्व्हरवर नुसता कनेक्शनचा मारा केला तर. तेव्हा आधी ती वरची ओळ चालवून किती जण अडकतील ते मोजतो, ग्रुपवर सांगतो आणि नियम स्वतःहून सुटेल अशी सोय लावून ठेवतो.

```
echo "ufw delete deny from 203.0.113.0/24 to any port 25565 proto tcp" | at now + 2 hours
```

मशीनवर `at` नसेल तर ते आधी बसवून घ्या. मागच्या वेळी मी नियम टाकून झोपलो होतो, सकाळी उठलो तेव्हा तो गेलेला होता.