गवती चहाचं तेल बाटलीत कसं म्हातारं होतं

हिवरा आश्रमहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज विषय आहे गवती चहाच्या तेलाचा. साबणात, फरशीच्या फिनाईलमध्ये, उदबत्तीत घालायला आपण जे सुगंधी तेल वापरतो, ते वापरण्याआधीच कसं खराब होतं आणि ते कसं टिकवायचं, याबद्दल.

आधी त्या तेलाची किंमत लक्षात घेऊ. १०० किलो ओला पाला भट्टीवर चढवला, तर तेल निघतं साधारण ३०० ते ५०० मिली. म्हणजे बैलगाडीभर पाल्याचं काम एका बाटलीत मावतं. ती बाटली खिडकीत ठेवून वाया घालवणं परवडणारं नाही.

शेंगदाण्याचं तेल खवट होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. जवसाचं तेल लाकडाला लावून ठेवलं, की काही दिवसांनी त्यावर चिकट साय येते आणि मग ती घट्ट वाळते, हेही पाहिलेलं असतं. ती वाळते म्हणजे पाण्यासारखी उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन तेलाला चिकटतो आणि तेलाचे कण एकमेकांत गुंततात. सुगंधी तेल हे जवसाच्या तेलाहून वेगळ्या जातीचं, उघडं ठेवलं तर उडून जाणारं. पण ऑक्सिजनचं काम त्याच्यातही असंच चालतं. गवती चहाच्या तेलात ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास सिट्रल नावाचा पदार्थ असतो. लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. हा सिट्रल हवेशी लवकर जुळतो, त्याचं आम्ल बनतं, आणि सोबतचे काही हलके घटक गुंतून चिकट होतात. वास मग लिंबाचा राहत नाही, उग्र आणि रंगाच्या डब्यासारखा होतो.

हवा हे काम करते, उजेड आणि उष्णता तिला घाई करायला लावतात. उन्हाचा जोर आपल्याला दिसतो, उष्णतेचा दिसत नाही. मोटा हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. आतल्या मातीच्या खोलीत २५ अंश असेल आणि टिनाच्या खोलीत मे महिन्यात ४५, तर फरक २० अंशांचा. म्हणजे दुपटीची दुप्पट, चौपट. टिनाखालचा एक महिना आतल्या खोलीतल्या चार महिन्यांइतका पडतो.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. दुपारी तापली की बाटलीतली हवा फुगते आणि सैल झाकणातून थोडी बाहेर जाते, सुगंध घेऊन. रात्री गार झाली की बाटली ताजी हवा आत ओढते. असा रोज एक श्वास. म्हणून गार जागेइतकीच एकसारख्या तापमानाची जागा महत्त्वाची. सज्जा नको, चुलीजवळचं फडताळ तर नकोच, कारण हे तेल पेटही घेतं. आतल्या भिंतीतला कोनाडा किंवा जमिनीलगतची पेटी बरी.

आता हवेचं बघू. समजा गटाकडे एक लिटर तेल आलं आणि दर महिन्याच्या साबणाला १०० मिली लागतं. एकाच मोठ्या बाटलीत ठेवलं, तर सहा महिन्यांनी आत ४०० मिली तेल आणि ६०० मिली हवा. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की जुनी हवा बाहेर आणि ताजी आत. शेवटचं तेल दहा वेळा ताज्या हवेला तोंड देतं. तेच तेल आल्याच दिवशी १०० मिलीच्या दहा बाटल्यांत भरून ठेवलं, तर दहावी बाटली दहाव्या महिन्यात पहिल्यांदाच उघडते. तेवढ्या एका कामाने फार मोठा फरक पडतो. बाटली गळ्यापर्यंत भरायची, पण काठोकाठ नाही; तेल उन्हाळ्यात फुगतं, त्याला बोटाच्या पेरभर जागा लागते.

छोट्या बाटल्या नसतील तर आणखी एक उपाय आहे. रुंद तोंडाची बाटली अर्धी झाली की तिच्यात धुऊन खडखडीत वाळवलेल्या काचेच्या गोट्या सोडायच्या. तेलाची पातळी वर येते, हवेची जागा कमी होते. पोरांच्या गोट्या घेतल्या तर त्या परत मिळणार नाहीत, हे आधीच सांगून टाकावं.

बाटली तपकिरी काचेची हवी. पारदर्शक असेल तर तिला काळं कापड किंवा कागद गुंडाळून डब्यात ठेवली तरी चालतं. साधं पातळ प्लास्टिक हे तेल खातं, फुगवतं, आणि प्लास्टिकचा वास घेतं. रबरी ड्रॉपर बाटलीला लावून ठेवू नये, रबर फुगून चिकट होतं. तांब्याचा लोटा, गंजका डबा अजिबात नको; तांबं आणि लोखंड हवेच्या कामाला हातभार लावतात.

भरण्याआधी तेल एक दिवस शांत ठेवायचं. गढूळ दिसत असेल तर त्यात भट्टीचं पाणी राहिलेलं असतं. पाणी जड, ते तळाला बसतं; वरचं तेल हलक्या हाताने कोरड्या नरसाळ्यातून ओतायचं. बाटल्याही कोरड्याच हव्यात. फ्रिज असेल तर चांगलंच, फक्त बाहेर काढलेली बाटली लगेच उघडू नये. खोलीइतकी ऊन होऊ द्यावी, नाहीतर हवेतला दमटपणा आत पाणी होऊन पडतो. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात माठाखालची ओली वाळू आहेच. बंद बाटल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून डबा त्या वाळूत ठेवायचा. पावसाळ्यात याचा उपयोग नाही, गरजही नाही.

तेल बिघडलं हे ओळखायचं कसं? रंगावर एकट्यावर विसंबू नये. याची एक जुनी गोष्ट आहे. खानदेशातल्या रोशा गवताचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईहून तुर्कस्तानात जात असे. तिथले व्यापारी त्यात लिंबाचा रस घालून हलवत आणि उन्हात ठेवून ते फिकं करत, मग गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळत. म्हणजे ऊन लागलेलं तेल कधी उलट फिकं, देखणं दिसू शकतं!

म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायच्या. बाटलीच्या गळ्याला बोट लावून बघा, चिकट थर आलाय का. बाटली तिरपी करा, तेल पहिल्यापेक्षा दाट वाहतंय का. आणि वास. वासासाठी तेल आल्याच दिवशी एक छोटी बाटली गच्च भरून, तारीख लिहून गार जागी ठेवायची. ती विकायची नाही. शंका आली की कागदाच्या दोन पट्ट्यांवर एकेक थेंब घ्यायचा, एक नमुन्याचा, एक वापरातला. लगेच एकदा आणि तासाभराने पुन्हा वास घ्यायचा. बिघडलेल्या तेलाचा फरक तासाभरानंतर जास्त कळतो, कारण हलका सुगंध उडून जातो आणि उग्रपणा मागे उरतो.

संत्र्याच्या सालीचं तेल यापेक्षाही नाजूक. त्यातलं लिमोनिन हवेने बदललं की कातडीला खाज, पुरळ आणणारे पदार्थ तयार होतात. ताज्या तेलात ते जवळजवळ नसतात. गवती चहाचं ताजं तेलही काहींच्या कातडीला सोसत नाही, जुनं तर अजून कमी. तेव्हा बिघडलेलं तेल अंगाच्या साबणात घालू नये, त्यात ताजं मिसळून खपवूही नये, ताज्याचाही वास जातो. फरशीच्या फिनाईलमध्ये ते चालवता येतं, हातमोजे घालून.

बाटलीवर तीन ओळी लिहायच्या: तेल कशाचं, भरल्याची तारीख, पहिल्यांदा उघडल्याची तारीख. गवती चहाचं तेल वर्षाच्या आत संपवायचा बेत ठेवावा, संत्र्याचं त्याहून लवकर. खसाच्या तेलाला मात्र ही घाई नाही, ते मुरल्यावर अधिक गोड लागतं. पण ऊन त्यालाही दाखवू नका.