नाकाचा वाकडा पडदा आणि डोकेदुखी



‘नाकाचे हाड वाढले आहे’ हे शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असतील. आणि हाड वाढले म्हणूनच डोके दुखते, तेव्हा ते काढून टाकावे, हा त्याच्यापुढचा सल्लाही पाठोपाठ येतो. आजच्या व्याख्यानात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत : नाक वाकडे आहे आणि डोकेही दुखते, एवढ्यावरून नाकामुळेच डोके दुखते असे म्हणता येईल काय? आणि शस्त्रक्रिया करावी, हे केव्हा ठरवावे?

प्रथम शब्द नीट करून घेऊ. हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांच्या मधोमध एक उभा पडदा असतो; तो पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा असून दोन्ही बाजूंनी त्यावर ओलसर अस्तर असते. हा पडदा अगदी ओळंब्यात सरळ असलेला माणूस विरळा. बहुतेकांचा तो थोडाफार कलंडलेला असतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. काहींच्या पडद्यातून मात्र काट्यासारखा टोकदार उंचवटा पुढे येतो. समोरच्या भिंतीवर मांसल गाद्या असतात, त्यांना डॉक्टर टर्बिनेट म्हणतात. काटा त्या गादीत रुतला, म्हणजे त्या जागेला आम्ही स्पर्शबिंदू म्हणतो.

आता नाकातला काटा डोळ्यापाशी कसा दुखतो? नाकाचे अस्तर, डोळ्याचा कोपरा, कपाळ आणि गाल या सर्वांची संवेदना एकाच त्रिशाखी मज्जातंतूच्या शाखा मेंदूकडे नेतात. त्यामुळे निरोप कोणत्या दारातून आला, याविषयी मेंदूची गफलत होऊ शकते. १९४३ साली अमेरिकेतील हॅरोल्ड वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकातील निरनिराळ्या जागांना मुद्दाम टोचणी देऊन पाहिली, तेव्हा वेदना नाकाबाहेर, चेहऱ्याच्या इतर भागांत जाणवते, असे त्यांना आढळले. म्हणजे कल्पना निराधार नव्हे. पण अडचण दुसरीकडे आहे. ज्यांचे डोके कधी दुखत नाही, त्यांच्याही सीटी स्कॅनमध्ये असे स्पर्शबिंदू दिसतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय शिरोवेदना संघटनेने २०१८ च्या वर्गीकरणात ही डोकेदुखी मुख्य यादीत न घेता परिशिष्टात ठेवली आहे. पुरावा अजून पुरता जमलेला नाही, हा त्याचा अर्थ.

मग निदान कसे करावे? अनेक रुग्णांच्या हकिगती एकत्र करून आम्ही आपल्यापुढे एक गृहस्थ उभे करतो. वय बेचाळीस, पेशा शिक्षकाचा. उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ठणका, उजवे नाक चोंदलेले, आणि हाती सीटी स्कॅनचा अहवाल : पडदा उजवीकडे वाकडा. एकाने शस्त्रक्रिया सुचवली आहे; त्यांना तारीख हवी आहे.

तारीख देण्याआधी आम्ही त्यांना महिनाभर वही ठेवायला सांगतो. दुखणे केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकले, दहापैकी किती गुण, सोबत काय झाले. वही उघडताच दोन डोकेदुख्या दिसतात. एक, आठवड्यातून तीन-चारदा, उजव्या कोपऱ्यातला संथ दाब. रात्री आडवे झाल्यावर वाढणारा, कारण आडवे होताच नाकातील अस्तर फुगते. दुसरी, महिन्यातून दोनदा, अर्धे डोके ठोक्याठोक्याने फोडणारी, मळमळ आणणारी, उजेड सहन न होऊ देणारी. ही दुसरी अर्धशिशी होय. हा भेद फार महत्त्वाचा आहे. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्वतःची डोकेदुखी ‘सायनसची’ म्हणणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकाराची निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते. म्हणून फसगत होते.

यानंतर नाक पाहणे. प्रथम साधे, मग अस्तराची सूज उतरवणारे थेंब घालून बारीक दुर्बिणीने. सूज उतरताच स्पर्श सुटला, तर दोष सुजेचा असण्याचा संभव अधिक. या गृहस्थांचा काटा सूज उतरल्यावरही गादीला टेकलेलाच राहिला.

आता खरी कसोटी. दुखत असतानाच त्यांना बोलावून घेतले. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा नेमक्या त्या जागी ठेवला. पाच मिनिटांत सातचे दुखणे एकवर आले. पण एवढ्याने आम्ही थांबत नाही. उतार पडेल या अपेक्षेनेही उतार पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, त्यांच्या संमतीने पण त्यांना न सांगता, नुसत्या मिठाच्या पाण्याचा बोळा ठेवला. सातचे सहा झाले. तिसऱ्या वेळी पुन्हा लिग्नोकेन, पुन्हा उतार. अर्धशिशीच्या दिवशी मात्र त्याच बोळ्याने काही फरक पडला नाही. औषधाचा सर्व नाकभर फवारा मारला असता, तर कसोटी निरुपयोगी ठरली असती. कारण तसे केल्याने काहींची अर्धशिशीही कमी होते.

कसोटी जुळली, तरी पहिला उपाय औषधाचाच. दोन महिने नाकात स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने धुणे. अर्धशिशीला तिची वेगळी औषधे. अनेकांचे काम येथेच भागते. आमच्या गृहस्थांचे नाक थोडे मोकळे झाले, अर्धशिशी आटोक्यात आली, पण कोपऱ्यातला दाब तसाच राहिला. आता शस्त्रक्रियेचा विचार करण्यास जागा आहे, त्याआधी नव्हती.

शस्त्रक्रियेत नाकाच्या आतूनच अस्तर उचलून काटा व वाकडा भाग तेवढा काढतात. बाहेर व्रण राहत नाही. पूर्वी पडद्याचा बराचसा भाग काढून टाकीत, आणि काहींचे नाक मागाहून बसे. म्हणून आता नाकाच्या दांडीखाली आणि पुढे सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी आधारासाठी राखतात. तरीही रक्तस्राव, पडद्यात रक्त साकळणे, भोक पडणे, आतल्या भिंती चिकटणे, वरचे पुढचे दात काही काळ बधिर होणे, हे धोके आहेतच. आणि सर्वांत मोठा धोका हा, की नाक उत्तम सरळ होईल आणि डोके दुखतच राहील. यशाचा हिशेबही पहिल्या महिन्यात करू नये. सुरुवातीचा आराम पुढे ओसरलेला पाहण्यात येतो. वर्षभर वही चालू ठेवावी. आमच्या गृहस्थांच्या वहीत वर्षाअखेर दाबाच्या नोंदी जवळजवळ संपल्या. अर्धशिशीच्या नोंदी होत्या. तसे होणार, हे त्यांना आधीच सांगितलेले होते, म्हणून त्यांची निराशा झाली नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. क्षणात शिखर गाठणारी डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, ताप व मानेचा ताठरपणा असलेली, किंवा हातपाय लुळे पडणे, दृष्टी जाणे यांसह आलेली डोकेदुखी असेल, तर पडदा वाकडा आहे की सरळ, हे पाहत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

श्वास घेणेच कठीण होत असेल, तर त्यासाठी पडदा सरळ करणे हा वेगळा आणि रास्त निर्णय आहे. पण केवळ डोकेदुखीसाठी कोणी शस्त्रक्रिया सुचवली, तर आपण नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : अर्धशिशी नाही, हे पाहिले काय? दुखत असताना ती जागा बधिर करून पाहिली काय? औषधे पुरेसे दिवस दिली काय? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत तारीख घेण्याची घाई करू नये. अशी डोकेदुखी महिना-दोन महिने थांबू शकते. काढलेली कूर्चा मात्र परत येत नाही.