एका पोत्याला पाणी किती?

न्हावऱ्यात एका घराचा स्लॅब पडत होता. घरमालकांनी बोलावलं म्हणून मी पावसाळ्यातल्या एका सकाळी तिथं गेलो. मिक्सरमध्ये पोतं रिकामं होत होतं आणि पाणी दोन बादल्या, वर पाइपचा एक फवारा. मी मिस्त्रींना म्हटलं, "मामा, एकदा मोजू या." बादली १५ लिटरची निघाली. फवारा वेगळ्या बादलीत धरला, तो ८ लिटर भरला. एकूण ३८ लिटर.

आता हिशेब पाहा. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन, हे आपलं प्रमाण. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट. सन २०००च्या भारतीय मानक ४५६ मध्ये नेहमीच्या मिश्रणासाठी एका पोत्याला ३० लिटर ही कमाल मर्यादा आहे. पण आत लोखंड असेल तर तेच मानक सौम्य हवामानातही ०.५५ पेक्षा जास्त प्रमाण चालवून घेत नाही. म्हणजे साडेसत्तावीस लिटर. स्लॅबला हाच आकडा धरायचा.

सिमेंटला स्वतःसाठी एवढं पाणीही लागत नाही. उरलेलं पाणी माल हलता ठेवायला असतं. नंतर ते उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये शिकागोत दाखवून दिलं ते हेच: पाणी वाढलं की ताकद घटते.

आणखी एक चोर होता, वाळू. रात्रभर भिजलेली. एका पोत्यामागे साधारण ८० किलो वाळू पडते. तिच्यात ५ टक्के ओल धरली तरी ४ लिटर पाणी आधीच आत. म्हणजे ३८ नव्हे, ४२ लिटर! प्रमाण ०.८४. मालावर पाणी तरंगत होतं, खडी खाली बसत होती. असा स्लॅब वाळला की वरचा थर बोटानं खरवडला तरी पावडर निघते.

साडेसत्तावीसातून ४ वजा केले, राहिले साडेतेवीस. बादलीला आतून पावणेबारा लिटरवर रंगाची रेघ ओढली. दोन बादल्या, पाइप बंद. मिस्त्री म्हणाले, "साहेब, माल घट्ट होतोय, पसरणार नाही." तक्रार खरी होती. पाणी न वाढवता आम्ही पोत्यामागे एक घमेलं खडी कमी केली आणि शिरूरहून व्हायब्रेटर आणवला. सुई मालात घातली की तो सळ्यांभोवती बसायचा. हवेचे बुडबुडे थांबले की सुई हळूहळू वर काढायची.

प्रश्न राहिला आधी टाकलेल्या पाच मालांचा. एका कोपऱ्यात पडले होते, अजून ओले होते. घरमालक म्हणाले, "काढा." चार माणसांनी ते घमेल्यांनी उचलून खाली टाकलं. पाच पोती वाया गेली.