पहिला शब्दकोश कसा झाला?
(कबनूर येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



चौथीच्या वर्गापुढे शब्दकोश कसा ठेवावा, याविषयी आज बोलावयाचे आहे. त्यासाठी मी एक लहानशी गोष्ट रचून आणली आहे. गोष्टीतील मुलगी आणि ग्रंथपाल कल्पित आहेत. ग्रंथपालाच्या तोंडी कोशांची जी हकीकत आहे, ती मात्र खरी आहे.

कबनुरात एका मागवाल्याची मुलगी होती. 'माझे घर' या निबंधात तिने लिहिले, "आमचे बाबा धोट्यात कांडी घालतात." गुरुजींनी 'धोटा' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि म्हटले, "हा घरगुती शब्द झाला. शाळेच्या कोशात तो नाही." शाळेतला कोश खिशात मावेल एवढा होता. मुलगी काही बोलली नाही. पण संध्याकाळी ती वाचनालयात गेली.

"काका," तिने ग्रंथपालांना विचारले, "पहिला शब्दकोश ज्यांनी केला, त्यांच्याजवळ बघायला दुसरा कोश नव्हता. मग कोणते शब्द खरे, हे त्यांना कुणी सांगितलं?"

ग्रंथपालांनी हातातली पावतीवही बाजूला ठेवली. "पोरी, पहिला म्हणजे कोणता, ते आधी ठरवायला हवं. संस्कृतात अमरकोश फार जुना. पण तो श्लोकांत आहे आणि शब्द विषयवार लावले आहेत. देवांची नावं एकीकडे, झाडांची दुसरीकडे. तो पाठ करायचा कोश होता, उघडून शोधायचा नव्हे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेला राजव्यवहारकोश त्याच घडणीचा. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तू विचारतेस तो मराठीचा, अक्षरानुक्रमानं लावलेला आणि छापलेला कोश. तसा पहिला कोश 1810 साली निघाला."

"पुण्यात?"

"नाही. बंगालमध्ये, श्रीरामपुरास."

मुलीला हे खरे वाटेना. वर्गात सांगाल तेव्हा तुमच्या मुलांनाही वाटणार नाही. म्हणून येथे थोडे थांबावे. विल्यम कॅरी हा मिशनरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत असे. त्याच्या मदतीस वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते. कॅरीच्या कोशातील मराठी शब्द मोडी लिपीच्या टाइपात छापले असून त्यांचे अर्थ इंग्रजीत आहेत. महाराष्ट्रापासून शेकडो कोसांवर बसून केलेल्या या कोशात मुख्यतः पंडितांना जे आठवले आणि कागदांत जे सापडले, तेच येऊ शकले.

"म्हणजे पंडितांच्या कानावर धोटा पडला नसेल, तर तो कोशात येणारच नाही?" मुलीने विचारले.

"तीच तर त्या कामातली अडचण," ग्रंथपाल म्हणाले. "पुढं मुंबईत शास्त्रीमंडळ बसलं. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्र्यांनी 1829 मध्ये मराठी शब्दांचे अर्थ मराठीतच देणारा कोश केला. मग मोल्सवर्थ साहेबानं कँडी बंधू आणि शास्त्री यांच्या साहाय्यानं 1831 साली मोठा मराठी-इंग्रजी कोश काढला. त्यात सुमारे 40 हजार शब्द होते. 1857 साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा ते सुमारे 60 हजार झाले. आता सांग, हे वरचे 20 हजार शब्द काय त्या पंचवीस-सव्वीस वर्षांत जन्मले?"

मुलगी हसली. "नाही. लोक ते आधीपासूनच बोलत असणार."

ग्रंथपालांनी एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "शब्द मिळाला म्हणजे कोश होत नाही. खरं काम पुढंच आहे. लिही, धोटा म्हणजे काय?"

तिने लिहिले : 'मागावर इकडून तिकडे जातो तो.'

"मागावर माशीही इकडून तिकडे जाते."

तिने ते खोडून लिहिले : 'कापड विणायचा धोटा.'

"ज्याला धोटा ठाऊक नाही, त्याला धोटा या शब्दानंच धोटा कसा कळेल? वस्तू आधी कोणत्या जातीची ते सांग. मग त्या जातीतल्या इतर वस्तूंहून ती कशी निराळी, ते सांग."

बराच वेळ गेला. अखेर चिठ्ठीवर असे उतरले : 'धोटा. पुल्लिंगी नाम. विणकामाचे साधन, दोन्ही टोकांस निमुळते असून पोटात सुताची कांडी असते, ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा, म्हणजे बाणा, नेण्याच्या कामी येते.' त्याखाली ग्रंथपालांनी तिच्याकडून तिच्या निबंधातले वाक्य लिहवून घेतले. शब्द बोलण्यात खरोखर कसा येतो, याला तो पुरावा.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. वर्गात अशा चिठ्ठ्या लिहविल्या तर बहुतेक मुले वर्तुळात फिरतील. 'विणणे म्हणजे वस्त्र तयार करणे' आणि 'वस्त्र म्हणजे विणलेली वस्तू' अशा दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की दोष त्यांना आपोआप दिसतो. छापील कोशांतही तो आढळतो. मुलांनी शोधून काढला तर रागावू नये.

मग ग्रंथपालांनी फडताळातून मोल्सवर्थचा जाड ग्रंथ काढला. "शोध."

तिने 'ध' काढला. धा, धि, धु, धे करीत ती 'धो'पर्यंत आली. पुढे दुसरे अक्षर पाहावयाचे. 'धोका' दिसला, क मागे, ट पुढे. 'धोतर' दिसले, त तर ट च्या पुढचा. म्हणजे शब्द असलाच तर या दोहोंच्या मध्ये. बोट खाली-वर फिरले आणि थांबले. धोटा! अर्थ इंग्रजीत होता. ग्रंथपालांनी वाचून दाखविला. कोष्ट्याचे तेच साधन.

"मग हा शाळेच्या कोशात का नाही?"

"लहान कोश करणाराला हजारो शब्द गाळावेच लागतात. त्यानं धोटा गाळला. गाळलेला शब्द आणि नसलेला शब्द यांत फरक आहे. गुरुजींना ही चिठ्ठी दाखव, तेही पाहतील."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चिठ्ठी वाचली, निबंधाची वही मागून घेतली आणि तांबड्या रेघेशेजारी 'शब्द बरोबर' असे लिहिले. नंतर त्यांनी वर्गास विचारले, "आता 'माग' या शब्दाच्या चिठ्ठ्या किती करावयाच्या?"

मुलांनी तीन उपयोग काढले. कापड विणण्याचा माग. चोराचा माग काढतात तो. आणि 'आईजवळ पाणी माग' यातला माग. तिसरा तर मागणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. त्याला निराळी चिठ्ठी नको, तो 'मागणे' खाली जाईल. पहिले दोन दोन्ही पुल्लिंगी नामे. चोराचा माग 'मार्ग' या संस्कृत शब्दापासून आला, हे गुरुजींनी सांगितले. त्याचा आणि विणण्याच्या मागाचा अर्थ एकमेकांत कोठेच मिसळत नाही, म्हणून वर्गाने दोन चिठ्ठ्या केल्या. एका मुलाला मात्र हे पटले नाही. त्याचे म्हणणे, धोटाही मागावर एकाच वाटेने ये-जा करतो. तेव्हा हा मागही वाटच का नसावा? गुरुजींनी त्याची चिठ्ठी निराळी ठेवली आणि तीवर प्रश्नचिन्ह केले.