हौदाचे पाणी आणि नदीचे पाणी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्यातली गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावी मशिदीच्या हौदात टँकरचे पाणी पडत होते. एक तरुण वुजू करत होता, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धूत होता. तोटी पूर्ण सोडलेली. शेजारच्या म्हाताऱ्या चाचांनी हात लांब करून ती अर्धी बंद केली आणि म्हणाले, "बेटा, हे पाणी ना तुझं, ना माझं." चाचा शाळेत फारसे गेलेले नव्हते, पण त्यांच्या या वाक्यात इस्लामी धर्मशास्त्राचा एक जुना निर्णय होता. आज त्याच्याविषयी बोलतो.

या शास्त्राला फिकह म्हणतात. त्यात माणसाच्या प्रत्येक कृतीला पाचांपैकी एक दर्जा दिला जातो. जे केलेच पाहिजे ते फर्ज. जे केले तर पुण्य, पण राहिले तर पाप नाही, ते मुस्तहब. करा न करा सारखेच, ते मुबाह. टाळलेले बरे ते मकरूह, आणि करूच नये ते हराम. आपल्याकडे खानदेशात बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. हनफी पंडित यांत आणखी पोटभेद करतात. फर्जच्या खाली वाजिब आणि सुन्नत येतात, आणि मकरूहचेही दोन प्रकार आहेत. एक हरामाच्या अगदी जवळचा, दुसरा सौम्य.

आता वुजूच घ्या. कुराणाच्या पाचव्या सूरेत सहाव्या आयतीत चारच गोष्टी सांगितल्या आहेत. चेहरा धुणे, कोपरापर्यंत हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे, आणि घोट्यापर्यंत पाय धुणे. आज्ञा स्पष्ट, आधार निःसंशय, म्हणून या चार गोष्टी फर्ज. एकदा धुतले तरी फर्ज पुरे होते. तीनदा धुणे ही पैगंबरांची रीत, म्हणून ती सुन्नत. झोपण्यापूर्वी वुजू करणे मुस्तहब. कृती एकच, पण प्रसंगागणिक दर्जा बदलतो.

मग चौथ्यांदा धुतले तर? पैगंबर साधारण एक मुद पाण्यात वुजू करत, अशी हदीस आहे. मुदच्या मापाविषयी पंथांत मतभेद आहेत, पण पाऊण ते एक लिटर धरायला हरकत नाही. आपली तोटी तेवढे पाणी हात भिजेपर्यंतच सांडते! दुसऱ्या एका हदीसेत असे आहे की, साद नावाचे सहकारी वुजू करताना पैगंबरांनी त्यांना उधळपट्टीबद्दल हटकले. वुजूतही उधळपट्टी असते का, असे सादनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की होय, वाहत्या नदीवर असलास तरी. या हदीसेची सांगणाऱ्यांची साखळी कच्ची मानली जाते. नुसत्या अशा आधारावर पंडित एखादी गोष्ट हराम ठरवत नाहीत. त्यामुळे जास्त पाणी वापरणे मकरूह ठरले.

दमास्कसचे हनफी मुफ्ती अलाउद्दीन हस्कफी (मृत्यू 1677) यांचा 'दुर्रुल मुख्तार' हा ग्रंथ मुफ्ती लोक आजही उघडतात. त्यात ते लिहितात की, नदीचे किंवा स्वतःच्या मालकीचे पाणी असले तरी उधळपट्टी मकरूह, तीही कडक प्रकारची. मात्र पाणी वक्फचे असेल, तर ती हराम. आणि मदरशांचे पाणीही वक्फमध्येच धरावे, असे ते मुद्दाम नोंदवतात. दमास्कसच्याच इब्न आबिदीन यांनी (मृत्यू 1836) आपल्या टीकेत, नदीच्या पाण्याबाबतचा मकरूह कडक की सौम्य, यावर बरीच चर्चा केली. वक्फच्या पाण्याविषयी मात्र ते कारण सांगून मोकळे होतात. ज्याने पाणी दान केले, त्याने ते रीतसर वुजूसाठी दिले. त्याहून जास्त घ्यायची त्याने परवानगीच दिलेली नाही.

मला इथे पंडितांची हुशारी दिसते. हराम ठरवण्यासाठी त्यांनी कच्च्या हदीसेवर भार टाकला नाही. दात्याचा हेतू आणि दुसऱ्याचा हक्क, हा वेगळाच पक्का आधार शोधला. म्हणून प्रकाशाच्या तापीकाठी ओंजळभर जास्त घेणारा आणि अक्कलकुव्याच्या मोठ्या मदरशात तोटी सोडून ठेवणारा विद्यार्थी, दोघांचे पाणी सारखेच सांडले, तरी दर्जा सारखा नाही.

याची दुसरी बाजूही ऐका. जवळ पाणी आहे, पण तेवढेच पिण्यासाठी आहे. ते संपले तर आपण, सोबती किंवा जनावर तहानेने व्याकूळ होईल. अशा वेळी ते पाणी वुजूच्या हिशेबात धरतच नाहीत. स्वच्छ मातीवर हात ठेवून तयम्मुम करावे आणि पाणी राखावे. सातपुड्याच्या चढावर शेळ्या घेऊन निघालेल्या माणसाला हे लगेच पटेल.

त्या दिवशी तो तरुण काहीच बोलला नाही. अर्ध्या तोटीखाली त्याने पाय धुतले. थोड्या वेळाने टँकरवाल्याने नळी गुंडाळली, तेव्हा हौद गळ्यापर्यंतही भरला नव्हता, आणि पुढचा टँकर तिसऱ्या दिवशी येणार होता.